एकाच दरवाढीचे दोन हिशेब: बँकेच्या एएलएम डेस्कवर नव्याने येणाऱ्यांसाठी

शाखेतून एएलएम डेस्कवर, म्हणजे बँकेची मालमत्ता आणि देणी यांचा मेळ पाहणाऱ्या विभागात, बदली झाली तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते व्याजदर-संवेदनशीलतेचं विवरण भरायचं. बँकेची सगळी कर्जं, रोखे आणि ठेवी मुदतीच्या कप्प्यांत वाटायच्या. या कप्प्यांना सगळे बकेटच म्हणतात. मी गृहकर्जं वीस वर्षांची म्हणून सरळ 'पाच वर्षांहून अधिक' या बकेटमध्ये टाकली. वरिष्ठ मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "हे कर्ज कधी फिटतं ते मला नकोय. याचा दर कधी बदलतो ते सांग."

ती कर्जं रेपोशी जोडलेली होती. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडावी लागतात आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट करावा लागतो. म्हणजे कर्ज वीस वर्षांचं असलं तरी या विवरणात त्याची जागा तीन महिन्यांच्या आतली. नवख्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि तिने उत्तर किती बिघडतं ते पुढे आकड्यांतच दिसेल.

समजायला सोपी अशी १,००० कोटींची एक काल्पनिक बँक घेऊ. तिची रेपोशी जोडलेली कर्जं ४०० कोटी, स्थिर दराची वाहन वगैरे कर्जं २४० कोटी, सरकारी रोखे २८० कोटी आणि उरलेले ८० कोटी रोख रक्कम, सीआरआर, इमारती यांत. दुसऱ्या बाजूला चालू खाती ९० कोटी, बचत खाती २५० कोटी, वर्षभरात मुदत संपणाऱ्या ठेवी ३८० कोटी आणि त्याहून लांबच्या ठेवी २०० कोटी. भांडवल ८० कोटी.

रिप्राइसिंग गॅपचा प्रश्न साधा आहे: येत्या वर्षात कशाकशाचा दर बदलेल? मालमत्तेच्या बाजूला रेपोवाली ४०० कोटींची कर्जं आणि स्थिर कर्जांच्या हप्त्यांतून परत येणारे, नव्या दराने पुन्हा द्यायचे ६० कोटी धरू. एकूण ४६०. देण्यांच्या बाजूला ३८० कोटींच्या ठेवी. गॅप अधिक ८० कोटी. दर एक टक्क्याने वाढला तर पाठ्यपुस्तकी उत्तर येतं निव्वळ व्याज उत्पन्नात ८० लाख रुपयांची वाढ.

पण पहिल्या वर्षाचं खरं उत्तर तेवढं नसतं, कारण वर्षभराच्या एकाच बकेटमध्ये आधी काय बदलतं आणि नंतर काय, हे दिसत नाही. रेपोवाली कर्जं तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने रीसेट होतात, म्हणजे सरासरी साडेदहा महिने वाढीव व्याज मिळतं: ३.५ कोटी. हप्त्यांचे ६० कोटी सरासरी अर्धं वर्ष नव्या दराने लागतात: ०.३ कोटी. ठेवींची मुदत मात्र वर्षभर पसरून संपते, म्हणून वाढीव खर्चही सरासरी अर्ध्याच वर्षाचा: १.९ कोटी. निव्वळ व्याज उत्पन्न १.९ कोटींनी वाढलं. दुसऱ्या वर्षी, लांबच्या ठेवी आणि कर्जं बाजूला ठेवली, तर उत्पन्न ४.६ कोटी आणि खर्च ३.८ कोटी होतो, आणि वाढ ८० लाखांवर येते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा बँकांच्या निकालांत हाच क्रम दिसला: आधी व्याजाचं मार्जिन फुगलं, मग ठेवींचे दरही वर आले आणि ते आकसायला लागलं. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा संचालकांपुढे ठेवताना दुसऱ्या वर्षाचाही शेजारी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आता ड्युरेशन गॅप. इथे वर्षभराचं उत्पन्न नव्हे, तर आज सगळ्या मालमत्तेची आणि देण्यांची किंमत काय, हे पाहतात. सुधारित ड्युरेशन ५ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर त्या रोख्याची किंमत साधारण पाच टक्क्यांनी उतरते. आपल्या बँकेत रोख्यांचं ड्युरेशन ५, स्थिर कर्जांचं २ आणि रेपोवाल्या कर्जांचं जेमतेम ०.२ धरू. रोखे १४ कोटींनी, स्थिर कर्जं ४.८ कोटींनी आणि रेपोवाली कर्जं ०.८ कोटींनी उतरतील. मालमत्ता एकूण १९.६ कोटींनी कमी.

देणीही उतरतात, आणि तो बँकेचा फायदा असतो. लांबच्या ठेवींचं ड्युरेशन २, वर्षाच्या आतल्यांचं ०.५, बचतीचं ०.४ आणि चालू खात्यांचं शून्य धरलं तर देणी ६.९ कोटींनी घटतात. भांडवलाचं मूल्य १२.७ कोटींनी खाली आलं, ८० कोटींच्या जवळपास १६ टक्के. सूत्रानेही हेच येतं: मालमत्तेचं सरासरी ड्युरेशन १.९६, देण्यांचं ०.७५, त्याला देणी-मालमत्ता गुणोत्तर ०.९२ ने गुणून ०.६९, दोहोंतला फरक म्हणजे गॅप १.२७ वर्षं, आणि १,००० कोटींचे १.२७ टक्के म्हणजे तेच १२.७ कोटी. ०.९२ ने गुणायचं राहिलं की उत्तर हलतं, म्हणून मी आधी एकेक रक्कम मांडून बघते आणि मगच सूत्र लावते.

आता माझी ती चूक आठवा. ती ४०० कोटींची कर्जं फेडीच्या मुदतीवर बसवली असती तर त्यांचं ड्युरेशन सहाच्या आसपास गेलं असतं, आणि तोटा १२.७ ऐवजी जवळपास ३६ कोटी दिसला असता. रिप्राइसिंग गॅप तर अधिक ८० वरून उणे ३२० झाला असता. पत्रकात गृहकर्जं फ्लोटिंग असूनही भांडवलाचा जवळपास निम्मा तोटा दिसत असेल, तर आधी रीसेटचा स्तंभ तपासावा.

एकाच दरवाढीने उत्पन्न वाढलं आणि भांडवलाचं मूल्य घटलं, यात विसंगती नाही. कर्जांचा दर लवकर बदलतो म्हणून उत्पन्न वाढलं; रोखे लांबचे आणि जुन्या दराचे आहेत म्हणून मूल्य घटलं. पण १.९ कोटींचा नफा १२.७ कोटींच्या तोट्यातून वजा करायचा नाही, कारण पहिला एका वर्षाचा आहे आणि दुसऱ्यात पुढची सगळी वर्षं आधीच मोजलेली आहेत. शिवाय मुदतीपर्यंत धरून ठेवायच्या रोख्यांची उतरलेली किंमत ताळेबंदात दिसत नाही. ठेवीदार पैसे मागू लागले आणि रोखे विकावे लागले, की ती एकदम समोर येते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने रोखे विकून तोटा जाहीर केला आणि त्यानंतर ठेवीदारांची रांग लागली.

सगळ्यात जास्त वाद होतो तो बचत खात्यांवर. वर मी ती रिप्राइसिंग गॅपमध्ये धरली नाहीत, पण ड्युरेशन काढताना मात्र ती सहा महिन्यांच्या आत बदलणारी मानली. ही विसंगती मी मुद्दाम ठेवली, कारण प्रत्यक्षात ती बहुतेक पत्रकांत अशीच शिरते. बचत गॅपमध्ये धरली तर अधिक ८० चा उणे १७० होतो. बचतीचा दर लगेच एक टक्क्याने वाढवला तर पहिल्या वर्षी २.५ कोटी जादा जातील आणि उत्पन्न ६० लाखांनी घटेल. उलट, दर सहसा हलत नाही असं मानून १५० कोटी स्थिर धरले आणि त्यांना तीन वर्षांचं ड्युरेशन दिलं, तर मूल्याचा तोटा १२.७ वरून ८.८ कोटींवर येतो. एका गृहीतकाने दोन्ही उत्तरं हलतात, म्हणून ते दोन्हीकडे एकच असायला हवं.

दर न वाढवताही बचतीचा खर्च वाढतो. तीन टक्क्यांच्या बचत खात्यातून ५० कोटी सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत गेले, तर वर्षाला दोन कोटी जादा. हे कुठल्याच बकेटमध्ये दिसत नाही. मी त्यासाठी मागच्या दरवाढीतल्या महिनाअखेरच्या बचत शिलका काढते आणि त्यातले किती पैसे मुदत ठेवीत वळले ते शाखानिहाय मोजते. स्थिर बचतीचा आकडा मी तिथूनच उचलते.