दारातलं स्वागत: साडीच्या दुकानातल्या या चुका टाळा

साडीच्या दुकानात दारातच हमखास ऐकू येणारे दोन संवाद आहेत. सेल्समन विचारतो, "या ताई, काय दाखवू?" आणि ताई म्हणतात, "नाही, नुसतं बघतेय." ताई साडी घ्यायला आलेल्या असल्या तरी हेच म्हणतात. प्रश्न फार लवकर आलेला असतो. अजून डोळे दुकानभर फिरलेले नसतात, कुठं काय आहे ते कळलेलं नसतं आणि उत्तर मात्र लगेच द्यायचं असतं. मग सुटकेचं उत्तर दिलं जातं. त्यानंतर पंधरा मिनिटांनी त्यांना खरंच काही विचारायचं असेल, तरी "नुसतं बघतेय" म्हटल्यामुळे संकोच वाटतो.

म्हणून पहिला नियम असा की स्वागताच्या वाक्यात प्रश्न नको. "नमस्कार, या" एवढं पुरे. फार तर एक माहिती जोडा: "नमस्कार, या. सुती साड्या डावीकडे, सिल्क वरच्या मजल्यावर." उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून दबाव वाटत नाही. माहिती मिळाल्यामुळे दुर्लक्ष झाल्यासारखंही वाटत नाही. "बजेट किती?" हा प्रश्न तर दारात कधीच नको. तो गादीवर बसल्यानंतर, दोन साड्या पाहून झाल्यावर आणि तोही "साधारण कोणत्या किमतीतल्या काढू?" असा विचारावा.

उभं कुठं राहायचं?

उंबरठ्यावर किंवा दाराच्या मधोमध उभा असलेला माणूस हसतमुख असला तरी अडवणूकच वाटतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत शिरलो की याच्या तावडीत सापडलो. अशा दुकानासमोर लोक काचेतली साडी बघतात, एक पाऊल टाकतात आणि पुढे निघतात. हे दिसू लागलं की आधी उभं राहण्याची जागा बदला.

उंबरठ्यापासून सहा ते आठ फूट आत, वाटेच्या एका बाजूला जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. स्वागत करणाऱ्यानं तिथं, दाराकडे थोडं तिरकं उभं राहायचं. हाताची घडी नको, मोबाइल नको. हातात घडी घालायची साडी असली तर उत्तम, कारण कामात असलेला माणूस टपून बसलेला वाटत नाही. गिऱ्हाईक आत आलं की आधी नजर द्यायची, मान किंचित झुकवायची आणि बोलायला दोन-तीन सेकंद थांबायचं. उन्हातून ट्यूबच्या उजेडात आलेल्या डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. चप्पल काढून आत येण्याची पद्धत असेल, तर चप्पल काढून माणूस सरळ उभा राहिल्यावरच बोला. वाकलेल्या माणसाला केलेला नमस्कार वायाच जातो.

नमस्कार झाला की एक-दोन पावलं मागे सरका. शिकवताना सगळ्यात कमी लक्ष या पावलांकडे दिलं जातं, आणि मोकळेपणा त्यांच्यातूनच मिळतो.

काकू म्हणू की ताई?

पस्तिशीतल्या बाईला "काकू" म्हटलं की पुढची सगळी मेहनत फुकट जाते. दारात नातं न लावता "नमस्कार, या" म्हणणं सुरक्षित असतं. संबोधन लागलंच तर "ताई" आणि "दादा". वयानं स्पष्ट मोठ्या असलेल्यांना "काका", "मावशी" चालतं. सोबत आलेल्या पुरुषाला वगळून फक्त बाईंशी बोलणं, किंवा उलट करणं, हीसुद्धा नेहमीची चूक आहे. नजर दोघांनाही द्या.

लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब मात्र वेगळं. आठ-दहा माणसं एकदम येतात, तेव्हा आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार, लगेच बसायला जागा आणि न विचारता पाणी. इथं मागे सरकलात तर तो अनादर वाटेल. एकट्या गिऱ्हाइकाला मात्र दारातच पाणी पुढे केलं की त्याला उपकाराचं ओझं वाटतं. ते बसल्यावर द्या.

पुन्हा जवळ कधी जायचं?

मागे सरकल्यावर माणसाला विसरून जाणं ही दुसऱ्या टोकाची चूक. खुणा ठरलेल्या असतात: कापड चिमटीत धरून पाहणं, किमतीची चिठ्ठी उलटणं, एकाच साडीकडे परत येणं, सोबतच्या माणसाला ती दाखवणं, किंवा मान वर करून कुणाला तरी शोधणं. शेवटची खूण दिसली की लगेच जा. बाकीच्यांपैकी दोन दिसल्या की जा.

जाताना पाठीमागून नको, नजरेला दिसेल अशा बाजूनं जा आणि चार फुटांवर थांबा. आता बोलणं हातातल्या साडीबद्दल असावं: "हिचा पदर पूर्ण वेगळ्या रंगाचा आहे, उघडून दाखवू?" होकार आला तर एकच साडी उघडा. विचारल्याशिवाय सहा घड्या मोडल्या की गिऱ्हाइकाला त्या ढिगाचा संकोच वाटतो आणि ते "परत येतो" म्हणून निघून जातं.

शिकवूनही फरक पडत नसेल तर

बहुतेक वेळा दोष मोबदल्याच्या पद्धतीत असतो. "जो आधी बोलेल त्याचं गिऱ्हाईक" असा रिवाज असेल, तर कितीही शिकवलं तरी मुलं दाराकडे धावणारच, कारण थांबलं तर त्यांचं कमिशन जातं. दारावर तासाची पाळी लावा. त्या तासात दारावरच्यानं विकायचं नाही, आणि त्या तासातल्या एकूण विक्रीच्या कमिशनमधला वाटा त्यालाही द्या. गिऱ्हाईक पुढे कुणाकडे जाणार हे काउंटरवरच्या नंबरांच्या यादीनुसार ठरवा. यादी सर्वांना दिसेल अशी ठेवा. चौघांनी एकापाठोपाठ नमस्कार करणंही यामुळे थांबतं.

सराव दुकान उघडण्याआधी पंधरा मिनिटं, आठवडाभर. तिघांचा गट करा: एक गिऱ्हाईक, एक स्वागताला, एक निरीक्षक. गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: "नुसतं बघायला", "फॉल-पिको झालेली साडी न्यायला", "साडी बदलून घ्यायला", "बहिणीच्या बस्त्यासाठी". चिठ्ठीत काय आहे हे स्वागत करणाऱ्याला माहीत नसावं. निरीक्षकानं दोनच गोष्टी सांगायच्या: पाय कुठं होते आणि पहिलं वाक्य काय होतं. "अजून हसतमुख राहा" असली सूचना देऊ नका, ती पाळताना चेहरा आखडतो.

फरक मोजायला काउंटरवर कागद ठेवा आणि तीन रकाने आखा: आत आले, "नुसतं बघतोय" म्हणाले, मिनिटाच्या आत बाहेर गेले. सराव सुरू करण्याआधी दोन संध्याकाळी आणि आठवड्यानंतर त्याच वारी पुन्हा नोंद करा. वार बदलला, मध्ये बाजारचा दिवस आला, तर तुलना बिघडते. दुसरा रकाना घटला पण तिसरा तेवढाच राहिला, तर बोलणं सुधारलं आहे, अडचण उभं राहण्याच्या जागेत किंवा समोरच्या मांडणीत आहे. दोन्ही घटले, तरी आत लोक एकटेच ताटकळताना दिसत असतील, तर मागे सरकणं जमलं आहे, खुणा ओळखणं राहिलं आहे. पुढच्या आठवड्यात सराव फक्त त्याचाच घ्या.

काही न घेता निघालेल्या माणसालाही त्याच आवाजात "या परत" म्हणायचं. त्या वेळी विस्कटलेल्या साड्यांकडे बघायचं नाही, घडी तो बाहेर पडल्यावर घालायची.