सीएकडे वह्या नेण्याआधी घरी नेलेला पैसा वेगळा काढा

मार्च संपला की चाटी गल्लीतले चादर-टॉवेलवाले हिशोब घेऊन येतात, आणि मी आधी ‘मालक पगार’ नावाचं खातं शोधते. तुमच्याकडेही ते असेल तर तयारी तिथूनच सुरू करा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक आणि दुकान हे कायद्याला एकच माणूस. स्वतःच स्वतःला पगार देता येत नाही. गल्ल्यातून घरी गेलेले पैसे म्हणजे उचल. नोकराचा पगार नफा मिळवण्यासाठी जातो. उचल मात्र झालेल्या नफ्यातून किंवा घातलेल्या भांडवलातून निघते. म्हणून ती भांडवलातून वजा होते. टॅलीत उचल खातं `Indirect Expenses` खाली उघडलं असेल तर ते `Capital Account` खाली हलवा.

ही चूक ताळेबंदात दिसत नाही, म्हणून आकडा मांडून बघा. समजा सुरुवातीचं भांडवल 8 लाख, भाडं-मजुरी-वीज वजा जाऊन खरा नफा 5,40,000 आणि महिन्याला 25,000 प्रमाणे उचल 3 लाख. शेवटचं भांडवल 10,40,000. आता तीच उचल पगार म्हणून खर्चात टाका. नफा 2,40,000 दिसेल, पण भांडवल पुन्हा 10,40,000 च येईल. ताळेबंद जुळला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नफा मात्र 3 लाखांनी खोटा असतो. कर कमी भरला जातो आणि चौकशीत तो व्याजासह निघतो. बँकेत कर्ज मागायला गेलात तर तोच कमी नफा आड येतो.

मग पासबुक घेऊन बसा आणि पेन्सिलीने खुणा करा. मुलांची फी, घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, सगळं उचलीत. तुमचा स्वतःचा आयकरसुद्धा. तो दुकानाचा खर्च समजून टाकलेला मी कितीदा तरी काढला आहे. विम्याची सवलत मिळत असेल तर ती विवरणपत्रात वेगळी घ्यायची असते. घर-दुकान एकाच मीटरवर असेल तर वाटणी कशी केली ते बिलावरच लिहून ठेवा.

शेवटी माल. भाचीच्या लग्नात सहा चादरी दिल्या, तर पैसे हलले नाहीत म्हणून नोंद राहून जाते. मग वर्षाअखेर साठा मोजताना सहा नग कमी भरतात. 450 रुपये खरेदीभावाने 2,700 उचल खाती नावे आणि खरेदी खाती जमा करा. विक्रीचा भाव धरू नका, कारण स्वतःला माल देऊन नफा होत नाही. खरेदीवर 5 टक्के जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर 135 रुपये परत करावे लागतात, तेही उचलीतच. त्या चादरींचं खरेदी बिल शोधून फाईलला लावा आणि मगच साठ्याची यादी पक्की करा.