वऱ्हाड दोन तुकड्यांत विमानाने न्यायचंय? एजंटला मेल करताना या चुका टाळा

‘नमस्कार, आमच्याकडे लग्न आहे. नागपूर-गोवा, साधारण ४० ते ४५ जण, दोन बॅचमध्ये जाणार. बेस्ट रेट कळवा.’

असा मेल गेला की एजंटकडून दोनपैकी एक उत्तर येतं. एक तर ‘अमुकपासून पुढे’ असा मोघम आकडा, नाही तर उलट दहा प्रश्न. त्या आकड्यावर हॉल, बस आणि खोल्यांचा हिशेब बसवला की पुढे घोळ होतो, कारण तो दर कोणत्याच ठरलेल्या विमानाचा नसतो.

पहिली चूक: माणसं मोजणं, विमानं न मोजणं

ग्रुपचा दर मिळायला साधारणपणे एकाच तारखेला, एकाच विमानात किमान १० जण लागतात. म्हणजे घरात ४२ माणसं असली तरी विमान कंपनीला ४२ चा ग्रुप दिसत नाही. प्रत्येक विमानातली संख्या तिच्या दृष्टीने वेगळी.

खरी गुंतागुंत परतीला होते. समजा ९ तारखेला १६ जण पुढे जाणार (हळद, मांडव, सामान) आणि ११ तारखेला २६. परतीला मात्र तुकड्या तशाच राहत नाहीत. शाळेत जाणारी मुलं आणि नोकरीवाले १४ लाच निघतात, घरचे आवराआवर करून १५ ला. यादी करून पाहिली तर चित्र असं दिसतं:

- ९ ला जाऊन १४ ला परत: ९ जण
- ९ ला जाऊन १५ ला परत: ७ जण
- ११ ला जाऊन १४ ला परत: २० जण
- ११ ला जाऊन १५ ला परत: ६ जण

मेलमध्ये ‘जाऊन-येऊन’ दर मागितला तर हे चार गट होतात आणि त्यातले तीन दहाच्या खाली. त्यांना ग्रुपमध्ये बसवता येत नाही. एजंट त्यांची साधी तिकिटं काढतो, आणि तुम्हाला वाटतं की याने आपल्याला गंडवलं.

त्याऐवजी चार एकेरी प्रवास मागा: ९ ला १६, ११ ला २६, १४ ला २९, १५ ला १३. माणसं तीच, पण चारही विमानांत संख्या दहाच्या वर. देशांतर्गत प्रवासात भाडं सहसा एकेरी प्रवासाचंच लागतं, त्यामुळे जाणं-येणं वेगळं मागून तोटा होत नाही. मेल लिहिण्याआधी यादीत ‘जाण्याची तारीख’ आणि ‘येण्याची तारीख’ असे दोन रकाने भरले की ही बेरीज आपोआप निघते. आधी यादी, मग मेल.

दोन वर्षांखालची बाळं या आकड्यात धरू नका, त्यांना वेगळी सीट नसते. ती वेगळी लिहा आणि जन्मतारीख द्या. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना मांडीवर असलेलं बाळ गोव्यातच दोन वर्षांचं झालं, तर येताना त्याला सीट लागते.

दुसरी चूक: नुसतं ‘गोवा’ लिहिणं

गोव्यात विमानतळ दोन आहेत. वास्कोजवळचं दाबोळी (GOI) आणि पेडणे तालुक्यातलं मोपा (GOX), जे जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. लग्न कोलव्याला किंवा केळशीला असेल तर दाबोळी जवळ. मोपावरून गोव्याच्या उत्तर टोकापासून पार दक्षिणेला यावं लागतं. एजंट स्वस्त दिसेल ते टाकतो. मग एक तुकडी दाबोळीला, दुसरी मोपाला, आणि बसवाल्याला एकच पत्ता दिलेला. कार्यालयाचं गाव आणि हवा तो कोड मेलमध्येच लिहा. दुसरा विमानतळ चालणार असेल तर त्याचा दर वेगळ्या ओळीत मागा, म्हणजे बसचं वाढीव भाडं धरून तुलना करता येते.

वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहा. ‘१० च्या रात्री साडेबारा’ म्हणजे तिकिटावर ११ तारीख, आणि इथे अख्खी तुकडी एक दिवस चुकू शकते.

तिसरी चूक: एका सीटच्या दराशी ताडून भांडणं

‘वेबसाइटवर कमी दिसतंय, तुम्ही जास्त सांगताय’ हे वाक्य एजंट रोज ऐकतो. पण एजंटने सांगितलेला दर बहुतेक वेळा खराच असतो. विमानातल्या सीटा वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत विकतात. स्वस्त कप्प्यात चारच सीटा उरल्या असतील तर एकट्याला तो दर दिसतो. पण एकत्र मागितलेल्या सगळ्या सीटा एकाच कप्प्यात बसायला हव्यात, म्हणून सगळ्यांना वरचा दर लागतो. तपासायचं असेल तर त्याच विमानासाठी आधी १ आणि मग ९ प्रवासी टाकून पाहा. ९ जणांसाठी दर उडी मारत असेल तर कारण तेच.

ग्रुपचा दर नेहमी स्वस्तच असतो असं नाही. खरा फायदा असा की दर ठरून जातो, सुरुवातीला काही रक्कम भरून सीटा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. लग्नघरात कोण येणार हे शेवटपर्यंत ठरत नाही, तेव्हा हाच फायदा मोठा.

आणि एकच मागणी पाच एजंटांकडे टाकू नका. सगळे त्याच विमान कंपनीकडे, त्याच तारखेला, तेवढ्याच सीटा मागतात. कंपनीला ती दुबार मागणी दिसते आणि ती अडकते. दोन एजंट पुरेत.

चौथी चूक: दर विचारून अटी न विचारणं

सर्वांत महाग पडते ती गळती. किती सीटा, कोणत्या तारखेपर्यंत, दंडाशिवाय परत करता येतात हे लेखी घ्या. १५ तारखेचा गट १३ जणांचा आहे. त्यातले चार गळाले की नऊ उरतात आणि ग्रुपच मोडू शकतो. काठावरच्या गटासाठी ‘संख्या दहाखाली गेली तर काय?’ हा प्रश्न वेगळा विचारा.

नावांचंही तसंच. प्रवासात दाखवायच्या ओळखपत्रावर जे नाव आहे तेच तिकिटावर हवं. आधारवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं, हा घोळ प्रत्येक वऱ्हाडात निघतो. नवरीचं परतीचं तिकीटसुद्धा जुन्याच नावाने काढायचं.

या सगळ्यासह मेल असा होतो:

> विषय: ग्रुप कोटेशन, नागपूर (NAG) – दाबोळी (GOI), ४ एकेरी प्रवास
>
> नमस्कार,
> लग्न कोलवा येथे १२ फेब्रुवारीला आहे. खालील प्रत्येक प्रवासाचा दर वेगळा कळवावा.
> १) ९ फेब्रु., NAG–GOI, १६ सीटा + १ बाळ, १६:०० पूर्वी पोहोचणारं
> २) ११ फेब्रु., NAG–GOI, २६ सीटा + १ बाळ, १४:०० पूर्वी पोहोचणारं
> ३) १४ फेब्रु., GOI–NAG, २९ सीटा + १ बाळ, १०:०० नंतर निघणारं
> ४) १५ फेब्रु., GOI–NAG, १३ सीटा + १ बाळ, कोणतीही वेळ
> थेट विमान नसल्यास एक थांबा चालेल, पण तुकडी एकाच विमानात हवी.
> दर कर आणि तुमच्या सेवाशुल्कासह, प्रति सीट द्यावा. सोबत कळवावे: दर किती तारखेच्या किती वाजेपर्यंत लागू, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या रकमेची तारीख, नावं देण्याची शेवटची तारीख, नाव बदलण्याचा खर्च, किती सीटा दंडाशिवाय परत करता येतील, प्रत्येकी सामान किती किलो आणि गटाचं वजन एकत्र धरणार का.
> व्हीलचेअर: प्रवास २ आणि ३ मध्ये प्रत्येकी दोन.

सामानाची ओळ गाळू नका. देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान सहसा १५ किलो असतं, आणि रुखवताची भांडी ते सहज ओलांडतात. जादा वजन आधी घेतलेलं विमानतळावर भरण्यापेक्षा स्वस्त पडतं. ओटीच्या सामानातल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून ते काढायला लावतात. खोबरं गोव्यात मिळतंच.