वर्गाच्या दारातले स्वागत : रोज सकाळी पाच मिनिटांत कसे करावे

पहिली-दुसरीच्या मुलांचे वर्गाच्या दारात एकेक करून स्वागत करण्याची पद्धत आता खानदेशातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत दिसते. दाराशेजारी चित्रांचा तक्ता असतो, मूल त्यातले एक चित्र निवडते आणि त्याप्रमाणे शिक्षक त्याला नमस्कार करतात किंवा टाळी देतात. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींत हे फार सोपे दिसते, कारण त्यांत प्रत्येक मूल हसत येते आणि उड्या मारत आत जाते. प्रत्यक्षात तीस मुलांच्या रांगेत दोन-तीन मुले अशी निघतातच, जी तक्त्यासमोर खाली मान घालून नुसती उभी राहतात. त्यांचे काय करायचे, हे त्या चित्रफितींत कोणी सांगत नाही. या लेखाचा मोठा भाग म्हणूनच त्या मुलांविषयी आहे.

आधी जागा आणि वेळ ठरवावी. शाळेच्या फाटकावर स्वागत करू नये. मुले अर्धा तास मागेपुढे येत असतात, त्यामुळे शिक्षक तिथे अडकून पडतो आणि खेळात रमलेल्या मुलांनाही ते नको असते. परिपाठ संपून रांग वर्गाकडे वळते, ती वेळ योग्य. एका मुलाला आठ ते दहा सेकंद धरले तर तीस मुलांना पाच मिनिटे लागतात आणि त्याहून अधिक वेळ लागता कामा नये. रांग तुंबते ती बहुतेक वेळा चपलांमुळे. मूल उंबऱ्यापाशी येते आणि मग वाकून चपलेचा पट्टा सोडवू लागते. म्हणून चपला परिपाठाच्या आधीच व्हरांड्यात ओळीने लावून घ्याव्यात.

तक्त्यावर चारच चित्रे असावीत : नमस्कार, टाळी, मुठीला मूठ आणि लांबूनच हात हलवणे. बाजारात मिळणाऱ्या तयार फलकांवर आठ-दहा पर्याय असतात. त्यांत नाच असतो, मिठीही असते. सहा वर्षांच्या मुलाला इतक्यांतून निवडताच येत नाही आणि मागची रांग ढकलाढकली करू लागते. मिठीचे चित्र तक्त्यावर असूच नये, असे माझे ठाम मत आहे. एखादे मूल आपण होऊन बिलगले तर त्याला दूर लोटू नये, पण मोठ्या माणसाने मिठीचा पर्याय टांगून ठेवला की तो नाकारणे मुलाला जड जाते. याउलट, स्पर्शाशिवायचा किमान एक पर्याय तक्त्यावर हवाच. तक्ता जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर लावावा. तो शिक्षकाच्या डोळ्यांसमोर नको, मुलाच्या डोळ्यांसमोर हवा.

पहिले काही दिवस सर्वांना वर्गात बसवून चारही प्रकार करून दाखवावेत. टाळी किती जोरात द्यायची, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

शिक्षकाने दारात बुटक्या स्टुलावर बसावे, म्हणजे चेहरे एका पातळीवर येतात. मुलाचे नाव घ्यावे, त्याने निवडलेले अभिवादन करावे आणि एखादे छोटे वाक्य बोलावे. हे वाक्य विधान असावे, प्रश्न नसावा. "आज काय खाऊन आलास?" हा प्रश्न प्रेमळ वाटतो, पण जे मूल चहाच्या घोटावर आलेले असते, त्याला तो सर्वांदेखत अडचणीत टाकतो. त्यापेक्षा "आज नवा दप्तर-बिल्ला दिसतोय" किंवा "काल तुझी पाटी फार नीट होती" असे बोलावे, म्हणजे मुलाला उत्तराचे ओझे होत नाही. ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात, त्यांना "उना का भाऊ" किंवा "उनी का माय" एवढे दोन-तीन शब्द पुरतात. ज्यांच्या घरी पावरा किंवा मावची बोलली जाते, अशा नंदुरबारकडच्या गावांत त्या बोलीतले असे शब्द अंगणवाडीसेविकेकडून नीट शिकून घ्यावेत. मुलांची बोली गमतीत वेडावून म्हणणे मात्र कटाक्षाने टाळावे. वर्ग हसतो आणि ते मूल त्या बोलीसह गप्प होते.

आता न बोलणाऱ्या मुलाकडे येऊ. मला सर्वाधिक काळ झगडावे लागले ते इथेच आणि सर्वाधिक वाईट सल्लेही याच ठिकाणी मिळतात. "थांबून राहा, निवडल्याशिवाय आत सोडू नका, सवय लागेल" हा त्यांतला सर्वांत घातक सल्ला. मागे वीस मुले उभी आहेत, समोर मॅडम वाट पाहत आहेत आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, अशा स्थितीत घाबरलेल्या मुलाचा आवाज फुटत नाही. दुसऱ्या दिवशी ते मूल दारापर्यंत येतानाच रडते. दुसरा सल्ला असतो बक्षिसाचा : बोललास तर गोळी. त्याने बोलणे हा सौदा होतो आणि गोळी न मिळालेल्या दिवशी पुन्हा शांतता.

जे उपयोगी पडते, ते एका उदाहरणाने सांगते. सालदाराच्या घरातली एक मुलगी पहिलीत आली. भाऊ तिसरीत होता आणि ती त्याच्या सदऱ्याचे टोक धरून परिपाठाला उभी राहत असे. दारात आली की तक्त्याकडे न पाहता भिंतीला घासत आत जाई. पहिले काही दिवस तिला अडवले नाही. ती जवळ आली की तिचे नाव हळू आवाजात घ्यायचे, लांबूनच हात हलवायचा आणि लगेच मागच्या मुलाकडे वळायचे. हे लगेच वळणे महत्त्वाचे आहे, कारण आपली नजर हटली की मुलाला सुटल्यासारखे वाटते. काही दिवसांनी ती जाता जाता माझ्याकडे पाहू लागली. मग एकदा जाताना तिने हात हलवणाऱ्या चित्राला बोटाने स्पर्श केला. मी तेवढ्यावरच हात हलवला आणि काही बोलले नाही. त्यानंतर ती रोज चित्राला बोट लावू लागली, पुढे स्वतः हात हलवू लागली आणि पावसाळा ओसरायच्या सुमारास एका सकाळी हात हलवता हलवता "मॅडम" एवढे पुटपुटली.

क्रम असा आहे : नजर, मग चित्राला बोट, मग कृती, मग शब्द. एका पायरीवर मूल स्थिरावल्याशिवाय पुढची पायरी सुचवू नये. मोठी सुट्टी किंवा आजारपण मध्ये आले तर एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी लागते, त्यात वावगे काही नाही.

दोन गोष्टी या टप्प्यावर हमखास घात करतात. पहिली म्हणजे कौतुक. मुलगी पहिल्यांदा बोलली की शिक्षकाला आनंद आवरत नाही, "अरे वा, आज बोलली! टाळ्या!" असे तोंडून निघते आणि सगळा वर्ग वळून पाहतो. तिला नेमके हेच नको असते. त्या दिवशी नेहमीइतकेच हसावे आणि पुढच्या मुलाला बोलवावे. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या मुलांचे मदतीला येणे. "मॅडम, ती बोलतच नाही" असे कोणीतरी रोज सांगते आणि ऐकून ऐकून तीच तिची ओळख होते. अशा वेळी रागावू नये, शांतपणे "ती चित्राला हात लावून सांगते" एवढेच म्हणावे. ती काय करत नाही, याऐवजी ती काय करते, हे मुलांच्या कानांवर पडत राहिले की चार-आठ दिवसांत तेच वाक्य मुले एकमेकांना सांगू लागतात.

प्रत्येक गप्प मूल लाजरे असतेच असे नाही. घरची बोली वेगळी असणारे मूल वर्गात गप्प राहिले तरी मैदानावर आपल्या सवंगड्यांशी भरपूर बोलते, म्हणून मधल्या सुट्टीत त्याच्याकडे लक्ष ठेवावे. काही मुलांना नीट ऐकू येत नसते. समोरून चेहरा दिसताना प्रतिसाद देणारे मूल पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल किंवा त्याचा कान वाहत असेल, तर शंका घ्यावी आणि पालकांना सांगावे. काही थोडी मुले घरी मोकळेपणी बोलतात, शाळेत मात्र कोणाशीच बोलत नाहीत, अगदी मैत्रिणीशीही नाही. शाळेचा पहिला महिना यात धरू नये. त्यानंतरही हे महिनाभर तसेच राहिले, तर पालकांना विश्वासात घ्यावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते तेव्हा त्यांना त्या मुलाबद्दल आवर्जून सांगावे. दारातले स्वागत हा त्यावरचा उपचार नव्हे.

आत गेलेल्या मुलाला लगेच काही काम हवे, नाहीतर दारात शांतता आणि आत गोंधळ, असे होते. फळ्यावर एक चित्र काढून ठेवावे, ते पाटीवर उतरवायचे. अमेरिकेत क्लेटन कूक आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक वयाच्या मुलांवर केलेला दारातल्या स्वागताचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचे अभ्यासात लक्ष वाढल्याचे आढळले, पण तिथले शिक्षक केवळ अभिवादन करून थांबत नव्हते, तर आत जाऊन आधी काय करायचे, तेही दारातच सांगत होते. ही गोष्ट सोडून उरलेले सगळे उचलले जाते. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात, तिथे मोठ्या इयत्तेला आधी आत पाठवून कामाला लावावे आणि मग धाकट्यांची रांग घ्यावी.

उशिरा येणाऱ्या मुलालाही तेच स्वागत मिळाले पाहिजे. शिकवणे थांबवून दारापर्यंत जाण्याची गरज नाही, जागेवरून नाव घेऊन हात हलवला तरी चालते. उशीर का झाला, हे दारात विचारू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच शेतात गेलेली असते आणि धाकट्या भावंडाला सांभाळून मूल निघते. विचारायचेच असेल तर ते मधल्या सुट्टीत, एकट्याला विचारावे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुले काही महिन्यांनी परत येतात. त्यांना एकदम टाळी देऊ नये, हात हलवण्यापासून सुरुवात करावी.

शिक्षक प्रशिक्षणाला किंवा रजेवर असेल, त्या दिवशी दारात चौथीतल्या मुलाला उभे करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करावी. मोठे मूल धाकट्यांना चिडवते, ओळखीच्यांना दोनदा टाळी देते आणि गप्प मुलाला हटकून बोलायला लावते. दुसऱ्या शिक्षकाने सर्वांना फक्त नमस्कार करावा आणि गप्प मुलांची नावे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावीत.