घरच्या समारंभासाठी ऑफ बदलून मागताना या चुका टाळा

सर, पुढच्या शनिवारी ऑफ पाहिजे होता. घरी कार्यक्रम आहे. बुधवारी येईन ना मी. चालेल ना?

जाता-येता सरांना एवढं सांगितलं तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. अडचण येते ती सर "बरं, मेल टाक" म्हणाल्यावर. मग हाच मजकूर घेऊन वर "माननीय महोदय" आणि खाली "आपला विश्वासू" लावलं जातं. भाषा जड होते, पण मेल वाचणाऱ्याला विचारावंच लागतं: पुढचा शनिवार म्हणजे कुठला? बुधवारी येणार म्हणजे कधीच्या बुधवारी? ही रजा धरायची की ऑफ बदलायचा? जो मेल वाचून समोरच्याला एकही प्रश्न न विचारता शिफ्टचा तक्ता बदलता येतो आणि तरीही निर्णय आपल्या हातात आहे असं वाटतं, तो मेल खऱ्या अर्थाने औपचारिक झाला असं मी म्हणेन.

एक उदाहरण धरून चालू. तुमचा साप्ताहिक ऑफ बुधवारी असतो. शनिवार, 23 मे 2026 रोजी चुलत भावाचं लग्न आहे. त्या आठवड्यात बुधवारी, 20 मे रोजी कामावर यायचं आणि त्याऐवजी शनिवारी सुट्टी घ्यायची, असा तुमचा बेत आहे.

ऑफ हवा असताना सुट्टी किंवा रजा मागणं

"शनिवारी सुट्टी मिळावी" एवढंच लिहिलं, तर वाचणारा तो रजेचा अर्ज समजतो. रजा तुमच्या खात्यातून वजा होते. साप्ताहिक सुट्टी मात्र तुमची असतेच, तिचा फक्त वार बदलतो. हा फरक मेलमध्ये स्पष्ट झाला नाही तर त्याची झळ महिन्याच्या शेवटी लागते. शनिवारची एक रजा कापली जाते किंवा तक्त्यात बदल न झाल्यामुळे गैरहजेरी लागते. बुधवारी केलेलं काम हिशेबात कुठे धरायचं, हेही कुणाला कळत नाही. म्हणून विषयाच्या ओळीतच "साप्ताहिक सुट्टी" आणि "ऐवजी" हे दोन्ही शब्द यायला हवेत.

एकच तारीख लिहिणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. ऑफ बदलायचा म्हणजे एक दिवस सोडायचा आणि दुसरा घ्यायचा. मेलमध्ये दोन्ही दिवस तारीख आणि वारासकट लिहा. "पुढचा शनिवार" असं लिहू नका. सोमवारी लिहिलेला पुढचा शनिवार कुणाला त्याच आठवड्यातला वाटतो, कुणाला त्यानंतरचा. तारीख आणि वार दोन्ही असले की लिहिताना झालेली चूकही पकडली जाते. 23 मे आणि शुक्रवार असं चुकून लिहिलं गेलं, तर वाचणारा लगेच थांबून विचारेल.

या बदलाचा आणखी एक परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधीचा ऑफ 13 मे रोजी झाला. पुढचा 20 ऐवजी 23 ला गेला, तर 14 ते 22 असे सलग नऊ दिवस काम पडतं. नेहमी ते सहा असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1921 च्या साप्ताहिक विश्रांतीच्या करारातही दर सात दिवसांत सलग 24 तास विश्रांती, असंच तत्त्व आहे. त्यामुळे सलग किती दिवस काम चालेल यावर अनेक ठिकाणी मर्यादा असते, आणि तक्ता बनवणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. तुमच्या ठिकाणचा नियम आधी विचारून घ्या. नऊ दिवस चालत असतील तर ती गोष्ट मेलमध्ये स्वतःहून लिहा. चालत नसतील तर बुधवारची अदलाबदल मागून उपयोग नाही, रजेचाच अर्ज करावा लागेल.

रात्रपाळीवाल्यांनी इथे जास्त जपायला हवं. रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपणारी शिफ्ट सहसा सुरू झालेल्या तारखेच्या नावावर धरतात. तुम्ही "शनिवारचा ऑफ" मागितला आणि तो मिळाला, तरी शुक्रवारची रात्र कामावरच जाईल. शनिवारी सकाळी घरी पोचाल आणि सकाळचंच लग्न असेल तर तसेच जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन निघावं लागेल. मोकळी मिळेल ती शनिवारची रात्र, तीही समारंभ उरकल्यावर. म्हणून रात्रपाळीत वार सांगून थांबू नका. "22 मे रोजी रात्री 10 वाजता सुरू होणारी शिफ्ट" असं पूर्ण लिहा.

जड शब्दांनाच नम्रता समजणं

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की" हे वाक्य कितीतरी मेलमध्ये सापडतं. त्यात विनंती काहीच नसते, आणि "कळविण्यात येते" हा तर वरून खाली येणाऱ्या परिपत्रकाचा सूर आहे. आपल्या वरिष्ठाला आपण कळवत नाही, आपण विचारत असतो.

मराठीत हे काम क्रियापद करतं. "शनिवारी ऑफ घेत आहे" म्हटलं की निर्णय झालेला असतो. "ऑफ पाहिजे" म्हटलं की मागणी होते. "मिळावी" म्हटलं की निर्णय समोरच्याकडे राहतो आणि आपणही लाचार वाटत नाही. "मिळावी, ही विनंती" एवढं पुरतं. त्यापुढे "कृपया", "कृपा करून" आणि "कृपा व्हावी" असे तिन्ही एकाच वाक्यात घातले तर वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. "चालेल ना?" काढून टाका, कारण त्यात होकार गृहीत धरलेला असतो. शेवटी लिहिलेल्या "आगाऊ धन्यवाद"चंही तेच. मंजुरी मिळाल्यावर आभार माना, तेव्हा ते खरे वाटतील.

भाषेतली दुसरी चूक म्हणजे सरमिसळ. पहिल्या ओळीत "आपण" आणि तिसरीत "तुम्ही", वर "माझे" आणि खाली "माझं". बोलताना "लग्न ठरलं, मी सांगितलं" हेच बरोबर. औपचारिक लेखनात "ठरले, सांगितले" ही रूपं घेतली की ती शेवटपर्यंत न्यावीत. मेल पाठवण्याआधी एकदा फक्त शब्दांच्या शेवटांकडे बघून वाचा, सरमिसळ पटकन दिसते.

संबोधनावर फार वेळ घालवू नका. रोज ज्यांना "सर" किंवा "मॅडम" म्हणता त्यांना मेलमध्येही "सर, नमस्कार" शोभून दिसतं. कागदी अर्ज असेल आणि तो पदाच्या नावाने जाणार असेल तर "मा. व्यवस्थापक" लिहा.

कारण लांबवणं

"घरी कार्यक्रम आहे" हे फार मोघम झालं. "मी गेलो नाही तर काका आयुष्यभर बोलणार नाहीत" हे फार झालं, आणि त्यात दडपणही आलं. नातं, समारंभ आणि तारीख एका वाक्यात सांगा. निमंत्रणपत्रिका आपणहून जोडायची गरज मला वाटत नाही. मागितली तर द्यावी.

सहकाऱ्याचं नाव परस्पर घालणं

शनिवारी तुमच्या जागी कोण, हा साहेबांचा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मेलमध्ये असलं तर मंजुरी सोपी होते. पण "तो बघून घेईल" असं त्याला न विचारता लिहिणं चूक आहे. आपल्या उदाहरणात समजा सहकाऱ्याचा ऑफ शनिवारी असतो आणि तो तुमच्याशी अदलाबदल करायला तयार आहे. मग 20 मे रोजी त्याची सुट्टी आणि 23 ला काम. त्याचा पुढचा ऑफ 30 ला, म्हणजे 21 ते 29 हे सलग नऊ दिवस त्यालाही पडतात. हे त्याला आधी मोजून दाखवा आणि मगच हो म्हणायला सांगा. त्याचा होकार तोंडी ठेवू नका. त्याला मेलची प्रत पाठवा आणि त्याच मेलला "मला मान्य आहे" असं उत्तर द्यायला सांगा.

आता सगळं एकत्र करून मेल असा होतो:

> विषय: साप्ताहिक सुट्टी 20 मे (बुधवार) ऐवजी 23 मे (शनिवार) रोजी मिळण्याबाबत
>
> सर, नमस्कार.
>
> माझ्या चुलत भावाचे लग्न शनिवार, 23 मे रोजी आहे. लग्नास उपस्थित राहता यावे यासाठी त्या आठवड्यातील माझी साप्ताहिक सुट्टी बुधवार, 20 मे ऐवजी शनिवार, 23 मे रोजी मिळावी, ही विनंती.
>
> 20 मे रोजी मी सकाळच्या शिफ्टमध्ये कामावर असेन. या बदलामुळे मला 14 ते 22 मे असे सलग नऊ दिवस काम येईल, त्यास माझी तयारी आहे. 27 मेपासून माझी सुट्टी नेहमीप्रमाणे बुधवारी राहील.
>
> शनिवारची माझी शिफ्ट करण्यास (सहकाऱ्याचे नाव) तयार आहेत. त्यांची त्या आठवड्यातील सुट्टी शनिवारऐवजी 20 मे रोजी असेल. त्यांना या मेलची प्रत पाठवली आहे.
>
> हा बदल शक्य आहे का, हे आपण कळवावे.
>
> आपला,
> (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग)

"शक्य नसल्यास रजा मंजूर व्हावी" ही ओळ मी मुद्दाम घातलेली नाही. तो सोपा मार्ग समोर ठेवला की तक्ता बदलायची तसदी कोण घेणार? नकार आला तर रजेचा अर्ज वेगळा करता येतो, आणि त्यासाठीच हा मेल त्या आठवड्याचा तक्ता लागण्याआधी जायला हवा. तक्ता लागल्यावर मागितलं तर एकाची सोय करताना आणखी दोघांची शिफ्ट हलते.

मेल पाठवूनही काम अडलं तर

उत्तरच आलं नाही, तर नवीन मेल न लिहिता त्याच मेलखाली लिहा: "सर, 20 मे ऐवजी 23 मे रोजी सुट्टी मिळण्याबाबतच्या विनंतीवर आपला निर्णय कळल्यास सहकाऱ्यास तसे सांगता येईल." यात घाई केल्यासारखं वाटत नाही आणि विचारण्याचं कारणही कळतं.

"बघू", "करू काहीतरी" ही मंजुरी नव्हे. भेटून हो म्हणाले असतील तर त्याच मेलखाली दोन ओळी टाका: "आज आपण तोंडी मंजुरी दिल्याप्रमाणे मी 20 मे रोजी कामावर येत आहे." काही गैरसमज असेल तर तो 20 तारखेच्या आत उघड होतो.

लेखी होकार आला तरी हजेरीच्या नोंदीत दोन्ही तारखा बदलल्या आहेत का, ते 20 मेच्या आधी पाहून घ्या. बऱ्याचदा 23 ला ऑफ दिसतो पण 20 चा ऑफ तसाच राहतो, किंवा तुमची नोंद बदलते आणि सहकाऱ्याची राहते. चार नोंदी तपासायच्या: तुमच्या दोन, त्याच्या दोन.

समारंभाचीच तारीख पुढे गेली तर जुन्या मेलवर नुसतं "तारीख बदलली" असं लिहू नका. आधी पहिला बदल रद्द करण्याची विनंती करा, म्हणजे 20 मेची तुमची सुट्टी आणि 23 ची सहकाऱ्याची सुट्टी पूर्ववत होईल. मग नव्या दोन तारखांसह वेगळी विनंती पाठवा आणि सहकाऱ्याला नव्याने विचारा. पहिल्या तारखेला तो हो म्हणाला होता, दुसऱ्या तारखेला त्याच्याही घरी काही असू शकतं.