खरेदीवर २० टक्के चढवले, तरी गल्ल्यात २० उरेनात

दुकानातला खर्च विक्रीच्या १५ टक्के होता, म्हणून मार्जिनही विक्रीच्याच २० टक्के धरलं होतं. पण भाव लावताना ८० रुपयांच्या डब्यावर २० टक्के चढवून ९६ लिहिले जात. नफा १६ रुपये, म्हणजे विक्रीच्या १६.६७ टक्केच. वर गिऱ्हाइकाला ५ टक्के सूट दिली की ९१.२० येतात, उरतात ११.२०, आणि खर्चच १३.६८. डबा तोट्यात!

चूक गुणाकारात होती. विक्रीचे २० टक्के नफा हवा, तर खरेदी विक्रीच्या ८० टक्के असायला हवी, म्हणून आता खरेदीला ०.८० ने भागतो: ८० ÷ ०.८० = १००. एक्सेलमध्ये B2 मध्ये खरेदी, C2 मध्ये 20%:

```
=B2/(1-C2)
```

खरेदी आणि विक्री, दोन्ही आकडे जीएसटी वगळून घ्यायचे. छापील एमआरपीच्या मालाला मात्र हा उपाय नाही. तिथे खरेदीभावच पाडून घ्यावा लागतो.