एचपी तोच, तरी टाकीत पाणी नाही: पाटी नीट वाचली तेव्हा उलगडलं

जुन्या मोनोब्लॉक पंपाच्या पाटीच्या फोटोत एचपीचा आकडा गंजलेला होता, पण शेजारी 0.75 किलोवॅट दिसत होतं, म्हणजे 1 एचपी. फेज 1, 220 व्होल्ट. त्यामुळे घरच्या सिंगल फेजवर चालणारी, कपॅसिटरची मोटर. हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो तो आकडा, 10 ते 32 मीटर.

बदली पंपही 1 एचपीचाच आणला, पण त्याचं हेड 6 ते 15 मीटर. हौदातल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची 16 मीटर, पाइप-एल्बोमधल्या घर्षणाचे आणखी साधारण 3, एकूण 19. मोटर फिरे, पाणी वर पोहोचेना. 19 मीटर ज्याच्या रेंजच्या मधोमध येतात, तोच पंप घ्यावा. फार जास्त हेडचाही नको. कमी उंचीवर तो जादा करंट ओढतो, मोटर तापते.